सेवासंस्थांचे अहवाल आणि आकड्यांची भाषा

(मंडळाच्या माणगाव येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी कित्येक कुटुंबांतील तरुण मंडळी आज निरनिराळ्या स्वयंसेवी संस्थांतून काम करीत आहेत, आणि आपल्यातील पुष्कळजण अशा संस्थांना दरसाल यथाशक्ती देणगीही देत असतात. त्यामुळे संस्थेचा वार्षिक अहवाल हा प्रकार आपणांपैकी कोणास लिहावा लागतो, तर कोणास वाचावा लागतो. हा अहवाल भावनेच्या भाषेत न लिहिता आकड्यांच्या भाषेत कसा लिहावा, एवढाच आजचा विषय आहे. १९७०-८० च्या सुमारास देणगीदार म्हणजे बहुधा ओळखीचे गृहस्थ असत. ते स्वतः येऊन काम पाहून जात. आता कंपन्यांचा पैसा या क्षेत्रात येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चणे बंधनकारक केले, आणि २०२१ पासून मोठ्या कामांची त्रयस्थाकडून तपासणीही सक्तीची झाली. मुंबईत बसून अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आपली वाडी दिसत नाही. त्याला जे दिसते ते कागदावरच दिसते.

आपल्या तालुक्यातील कातकरी वाड्यांवर मुलांसाठी वाचनवर्ग चालविणाऱ्या एका छोट्या संस्थेचा अहवाल नीट करून देण्याचे काम सेवानिवृत्तीनंतर माझ्याकडे आले. संस्थेचे नाव मी सांगत नाही, आणि पुढे जे आकडे येतील ते मूळचे नसून हिशेब सोपा व्हावा म्हणून मी मुद्दाम योजलेले आहेत, हे आरंभीच सांगून ठेवतो. रीत मात्र आम्ही जी अनुसरली तीच आहे.

मूळ मसुद्यातील परिच्छेद साधारण असा होता : “दुर्गम डोंगरकपारीत पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणापासून वंचित राहिलेल्या शेकडो निरागस बालकांच्या जीवनात आमच्या वर्गांनी ज्ञानाचा दीप उजळला. वर्षभर अखंड चाललेल्या वर्गांनी व शेकडो पुस्तकांच्या वाटपाने वाड्यांचा कायापालट झाला. आज एकही मूल अक्षरशत्रू राहिलेले नाही. पालकांच्या चेहऱ्यावरील समाधान हीच आमच्या कार्याची पावती होय.”

हे लिहिणारी मुलगी प्रामाणिक होती आणि उन्हापावसात वाड्या तुडविणारी होती. तिच्या श्रमांविषयी मला शंका नव्हती. परंतु या परिच्छेदातून संस्थेचे नाव काढून दुसऱ्या कोणत्याही संस्थेचे घातले, तरी त्यातील एक अक्षरही बदलावे लागले नसते. ज्या वाक्याची खरेखोटे अशी तपासणीच होऊ शकत नाही, ते वाक्य अहवालात असून नसून सारखेच.

प्रथम आम्ही लाल पेन्सिल घेऊन, ज्यांत मोजण्याजोगे काही सांगितले आहे अशा शब्दांखाली रेघा ओढल्या. ‘शेकडो बालके’ म्हणजे किती? वर्गांचा पट काढला. सहा वाड्या मिळून आठ ते बारा वर्षांची १२० मुले निघाली. ‘शिक्षणापासून वंचित’ हे शब्द तर पटावरच टिकेनात, कारण एकूण एक मुलाचे नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल होते. त्यांची अडचण शाळा नसण्याची नव्हती. शाळेत नाव असूनही वाचता न येण्याची होती. ‘अखंड वर्ग’ आणि ‘पुस्तकांचे वाटप’ या गोष्टी खऱ्या होत्या, पण ते संस्थेने केलेले काम झाले. मुलांत काय फरक पडला, हे त्यावरून कळत नाही. शेतकऱ्याने किती बियाणे पेरले हे सांगितले म्हणजे भात किती झाले हे सांगितले असे होत नाही. काम वेगळे लिहावे आणि फळ वेगळे लिहावे. पालकांच्या समाधानाविषयी कोणी कोणास विचारलेच नव्हते. ते वाक्य आम्ही सरळ काढून टाकले.

राहिले ‘अक्षरशत्रू’. वाचता येते म्हणजे नेमके काय येते, हे ठरविल्यावाचून मोजणी होत नाही. येथे ‘प्रथम’ या मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या संस्थेची पद्धत कामास आली. तिने २००५ सालापासून देशभर ‘असर’ नावाची पाहणी चालविली आहे. त्या पाहणीत मुलाच्या घरी जाऊन त्याच्यापुढे एक साधा कागद ठेवतात. कागदावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. परिच्छेद नीट वाचला तर गोष्ट द्यावयाची. अडखळला तर शब्दांवर यावयाचे. पाचांपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल शब्दांच्या पायरीवर, तेही न जमले तर अक्षरांकडे वळावयाचे, आणि अक्षरेही न आली तर मूल प्रारंभीच्या पायरीवर धरावयाचे. एका मुलास काही मिनिटे पुरतात. आमच्या संस्थेने जुलै महिन्यात वर्ग सुरू करताना ही तपासणी केली होती, हे मोठेच भाग्य म्हणावयाचे. ती नोंद नसती तर पुढचे सारे बोलणे खुंटले असते. आरंभीचा आकडा नंतर मागाहून तयार करता येत नाही.

जुलैमध्ये १२० पैकी २० मुले परिच्छेद किंवा त्यापुढचे वाचीत होती. मार्चमध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा ४७ मुले तितके वाचू लागली होती. मार्चमध्येही चार मुलांना अक्षरे ओळखता येत नव्हती, म्हणजे ‘एकही मूल राहिले नाही’ हे विधान आपोआपच गळाले. दुसरा मसुदा आमच्या बाईंनी उत्साहाने लिहून आणला : “परिच्छेद वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण १७ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले.”

वाक्य आकड्यांचे होते, भावनेचा लवलेश नव्हता, आणि तरीही ते दिशाभूल करणारे होते. जुलैतील २० या आकड्याला १२० ने भागले होते, तर मार्चमधील ४७ ला ७८ ने. मार्चमध्ये तपासणीला ७८च मुले सापडली होती. मग उरलेली ४२ कोठे गेली?

आपण या भागातील आहात, त्यामुळे उत्तर आपणांस ठाऊक आहे. दिवाळी आटोपली की कातकरी कुटुंबे वाडीच्या झोपड्या बंद करून वीटभट्टीच्या, कोळशाच्या कामावर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबरच जातात. ४२ पैकी ३६ मुले अशी गेलेली होती. सहाजणांची कारणे निरनिराळी. दुसऱ्या मसुद्यात ही ४२ मुले भागाकारातून नाहीशी झाली होती. कोणी ती मुद्दाम लपविली नव्हती. जे समोर आहेत त्यांचीच मोजदाद करण्याची मनुष्याची सवय असते, एवढेच. परंतु अहवाल वाचणारा गृहस्थ ‘साठ टक्के’ वाचून समाधान पावणार आणि पुढील वर्षी पैसा पुन्हा वाडीवरच्या वर्गालाच देणार. भट्टीवर गेलेल्या छत्तीस मुलांसाठी काही करावयास हवे, हे त्याला सुचावे तरी कोठून?

यास्तव आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली अशी की, तुलना त्याच मुलांची केली. मार्चमध्ये सापडलेल्या ७८ मुलांची नावे घेऊन त्यांचीच जुलैची नोंद काढली. त्यांतील १७ जुलैमध्येच परिच्छेद वाचीत होती. म्हणजे त्याच ७८ मुलांत वाचणारी १७ ची ४७ झाली; ३० मुले नव्याने वाचू लागली. टक्क्यांत सांगावयाचे तर २२ वरून ६०. आरंभ १७ टक्के नव्हता, २२ टक्के होता, कारण जी मुले मागे राहिली ती मुळात थोडी पुढची होती. भट्टीवर जाणारी मुले आधीपासूनच मागे असतात, आणि ती निघून गेली की वर्गाची सरासरी काहीही न शिकवता वर चढते. शाळेत चाळीस वर्षांच्या आसपास काढलेल्या मनुष्याला हे नवीन नाही; पट घसरला की निकाल सुधारतो, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने पाहिलेले आहे.

दुसरी गोष्ट, ४२ मुलांची वेगळी ओळ लिहिली. त्यांतील तीन जुलैमध्ये वाचीत होती, ३९ वाचीत नव्हती, आणि मार्चमध्ये त्यांची तपासणी झाली नाही. मूळ १२० धरून पाहिले तर खात्रीने वाचणारी मुले ४७, म्हणजे ३९ टक्के. साठ आणि एकोणचाळीस हे दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला, वाडीवर राहिलेल्या मुलांचे काय झाले हे सांगतो. दुसरा, आरंभी ज्यांची जबाबदारी घेतली त्या सर्वांपैकी किती मुले वाचताना आपण प्रत्यक्ष पाहिली हे सांगतो. आम्ही दोन्ही लिहिले.

जाता जाता टक्क्यांच्या एका खोडीकडे लक्ष वेधतो. १७ ची ४७ झाली याला कोणी ‘पावणेतीनपट वाढ’ म्हणेल, कोणी ‘पावणेदोनशे टक्के वाढ’ म्हणेल, आणि कोणी ‘शंभरांत अडतीस मुले अधिक’ म्हणेल. तिन्ही गणिते बरोबर असून ऐकणाऱ्याच्या मनावर ठसा मात्र निरनिराळा उमटतो. शंभराच्या आतबाहेरची संख्या असली तर मुले मोजून सांगावीत आणि टक्के पुढे जोडावेत. ‘७८ पैकी ४७’ असे लिहिले की फसवणुकीला जागाच उरत नाही.

आता यापेक्षा अवघड प्रश्नाकडे येतो. ३० मुले नव्याने वाचू लागली हे खरे. पण ती आपल्या वर्गामुळेच वाचू लागली कशावरून? मूल आठ महिन्यांनी मोठे झाले, शाळेतही जात होते. वर्ग नसता तरी काही मुले शिकलीच असती.

या प्रश्नाला उत्तर कसे द्यावे याचा धडा आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीला मिळतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. खेड्यातील नवजात अर्भके पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच मोठ्या प्रमाणावर दगावत. गावातीलच स्त्रीला शिकवून तिच्याकडून घरीच बाळाची देखभाल करवावयाची, ऊब द्यावयाची, वजन पाहावयाचे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध द्यावयाचे, अशी त्यांची योजना होती. या विषयावर हृदय पिळवटून टाकणारी शंभर पाने सहज लिहिता आली असती. त्यांनी काय केले? ३९ गावे कामासाठी घेतली आणि ४७ गावे केवळ तुलनेसाठी. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे नवा उपक्रम सुरू न करता दोन्हीकडील जन्म आणि मृत्यू मोजले. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे कामाच्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ नवजात बाळे दगावत होती. पुढे काम सुरू झाले, आणि तिसऱ्या वर्षी कामाच्या गावांतील आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांतील आकडा ५९.६, म्हणजे जवळजवळ जेथल्या तेथेच.

या शेवटच्या आकड्यात सर्व बळ आहे. तो नसता तर कोणीही म्हणू शकला असता की, त्या वर्षांत रस्ते सुधारले, सरकारी दवाखाने सुधारले, पाऊसपाणी बरे झाले, म्हणून मृत्यू कमी झाले. तसे असते तर शेजारच्या ४७ गावांतही ते कमी व्हावयास हवे होते. दोन्हीकडचा फरक जमेस धरून मृत्यूंत सुमारे ६२ टक्के निव्वळ घट झाली, असा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्तीमार्फत नवजात बाळाची घरी जाऊन देखभाल करण्याची योजना देशभर आखली, तिचा पाया हेच काम होते. निबंधातील भाषा इतकी कोरडी आहे की ती वाचताना कोणाचा डोळा पाणावणार नाही.

आपल्या छोट्या संस्थेस ८६ गावे कोठून मिळणार? परंतु जुलैमध्ये दोन अशा वाड्यांतील मुलांचीही तपासणी झाली होती, जेथे वर्ग पुढल्या वर्षी सुरू व्हावयाचा होता. तेथील ४० मुलांपैकी ३४ मार्चमध्ये पुन्हा सापडली. त्यांत परिच्छेद वाचणारी जुलैमध्ये ८ होती, मार्चमध्ये १२ झाली. म्हणजे वर्गावाचूनही शंभरांत बाराएक मुले पुढे सरकतात. वर्गाच्या वाड्यांत ती ३८ सरकली. तेव्हा वर्गाच्या नावे फार तर शंभरांत सव्वीस-सत्तावीस मुले मांडता येतील, अडतीस नव्हेत. तेही जपून म्हणावयाचे. कारण ३४ मुलांत एक मूल इकडचे तिकडे झाले तरी तीन टक्क्यांचा फरक पडतो, आणि त्या दोन वाड्या महामार्गापासून अधिक आत असल्याने सर्वस्वी सारख्याही नव्हत्या. या दोन्ही मर्यादा आम्ही अहवालात लिहिल्या. ज्याला तुलनेच्या वाड्या मिळाल्या नसतील त्याने ‘आमच्या वर्गामुळे’ हे शब्द गाळून ‘या काळात’ एवढेच लिहावे.

आकडा विश्वासार्ह आहे की नाही हे कसे ओळखावे, असे मला एका तरुणाने विचारले होते. मी प्रथम तपासणी कोणी केली ते पाहतो. जी ताई वर्षभर शिकविते तिनेच परीक्षा घेतली तर माया आड येते; अडखळलेल्या मुलाला ती नकळत पहिले अक्षर सुचविते. आमच्या येथे एका वाडीच्या ताईने दुसऱ्या वाडीत जाऊन तपासणी केली. दुसरे असे की, जुलै आणि मार्चमध्ये वाचावयास दिलेला उतारा वेगळा हवा, पण पायरी तीच हवी. तोच उतारा दिला तर मुले न वाचता म्हणून दाखवितात. कागद उलटा धरूनही ‘वाचणारा’ मुलगा मी स्वतः पाहिला आहे. शेवटी दहा मुलांची तपासणी तिसऱ्या माणसाने चार दिवसांत पुन्हा करावी. दहापैकी नऊ जुळली तर आकड्यावर विसंबावे. पाच-सहाच जुळली तर अहवाल लिहिणे थांबवून तपासणीच पुन्हा करावी.

या सर्व खटाटोपानंतर परिच्छेद असा उतरला :

“जुलैमध्ये सहा वाड्यांतील आठ ते बारा वर्षांची १२० मुले वर्गांत दाखल झाली, सर्वांची नावे शाळेच्या पटावर होती. त्यांपैकी २० मुले पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचीत होती. मार्चमध्ये ७८ मुलांची पुन्हा तपासणी झाली. या ७८ पैकी जुलैमध्ये १७ आणि मार्चमध्ये ४७ मुले परिच्छेद वाचीत होती. चार मुलांना अद्याप अक्षरओळख नाही. वर्ग नसलेल्या दोन वाड्यांत याच काळात ३४ पैकी वाचणारी मुले ८ वरून १२ झाली. मात्र ही संख्या लहान असून त्या वाड्या महामार्गापासून अधिक दूर आहेत. वर्गांतील ४२ मुलांची मार्चमध्ये तपासणी होऊ शकली नाही. त्यांपैकी ३६ दिवाळीनंतर कुटुंबासह भट्ट्यांवर गेली होती. या ४२ पैकी ३९ मुले जुलैमध्ये परिच्छेद वाचीत नव्हती.”

संस्थेच्या कार्यकारिणीत हा मजकूर वाचला गेला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली. ते म्हणाले, “गुरुजी, आपण आपलेच अपयश छापून देणगीदाराच्या हाती देत आहात. शेजारची संस्था शंभर टक्के यश लिहिते. असे वाचून आपल्याला पैसे कोण देईल?” ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेजारी रंगवून लिहीत असताना आपण खरे लिहिले तर एखादे वर्षी तोटा होऊ शकतो, हे मी तेथेच मान्य केले. परंतु शंभर टक्के यश लिहिणाऱ्या संस्थेला पुढल्या वर्षी पैसे मागावयास कारणच राहत नाही, हेही त्यांच्या नजरेस आणून दिले. आमच्या परिच्छेदातील शेवटच्या तीन वाक्यांत पुढील वर्षीची मागणी आपसूकच तयार होती : भट्टीवर जाणाऱ्या छत्तीस मुलांसाठी काय करावयाचे आणि त्यास खर्च किती येईल?

अहवालात भावनेला मुळीच स्थान नाही असे माझे म्हणणे नाही. एका मुलीची हकिकत घालावी असा बाईंचा आग्रह होता, आणि तो मी मानला. अट इतकीच घातली की, सर्वांत चमकलेली मुलगी निवडावयाची नाही. शब्दांच्या पायरीवरून परिच्छेदाच्या पायरीवर आलेल्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलावयाची, आणि ‘अशा अनेक’ हे शब्द न लिहिता अशी मुले किती त्यांचा आकडा त्याच ओळीत द्यावयाचा. मुलीचे नाव आणि छायाचित्र छापावयाचे नाही. निघालेली हकिकत तशी साधीच होती. पुस्तकातली गोष्ट ती धाकट्या भावाला वाचून दाखवीत असे, इतकेच. पण ती आकड्यांच्या शेजारी बसली आणि शोभली.

त्या वर्षी जूनमध्ये, कुटुंबे परतल्यावर, संस्थेच्या कार्यकर्त्यांनी राहिलेल्या मुलांची तपासणी वाडीवर जाऊन केली. मार्चचा रकाना रिकामा ठेवून जूनचा वेगळा रकाना आखला, कारण दोन महिन्यांचे अंतर मिसळून चालत नाही. पुढच्या दिवाळीपूर्वी दुसरी वही तयार झाली आहे. तिच्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे कुटुंब कोणत्या गावच्या भट्टीवर जाणार, केव्हा निघणार, आणि मुलाबरोबर शाळेचे शिक्षण हमी पत्रक दिले की नाही, असे तीन रकाने आहेत. ज्यांना ही वही पाहावयाची असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावे. मी ती बरोबर आणली आहे.